सबटायटल्स कुणी केली?

चांगल्या प्रादेशिक चित्रपटांची नावं आता शोधावी लागत नाहीत. मल्याळममधले दहा, तमिळमधले वीस, आसामीतले पाच अशा याद्या हव्या तितक्या सापडतात आणि त्यातली बरीच नावं बरोबरही असतात. अडचण सुरू होते ती चित्रपट लावल्यावर. पडद्यावर माणूस अर्धा मिनिट पोटतिडकीनं बोलतो आणि खाली इंग्रजीत तीन शब्द उमटतात. गाणं सुरू झालं की अक्षरं गायब होतात. बाईबद्दल बोलणं चाललेलं असतं आणि खालच्या ओळीत तिचा उल्लेख पुरुष म्हणून होतो. मल्याळम न येणाऱ्या मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीनं त्या चित्रपटाची निम्मी पटकथा ही खालची ओळच असते. तीच कच्ची असेल, तर दिग्दर्शक कितीही थोर असला तरी आपण पाहतो तो वेगळाच, बहुधा सुमार चित्रपट. अमेरिकेत वाढलेल्या नातवाला किंवा बंगाली सुनेला मराठी चित्रपट दाखवायचा असेल, तरी हीच गोष्ट उलट बाजूनं लागू होते. म्हणून शोधाची सुरुवात चित्रपटाच्या मानांकनापासून करण्याऐवजी एका वेगळ्या प्रश्नापासून करावी: या चित्रपटाची सबटायटल्स कुणी, केव्हा आणि कुणासाठी केली? याचं उत्तर बहुतेक वेळा चित्रपट लावण्याआधीच मिळवता येतं आणि सबटायटल्स कशी असतील याचा तेवढा नेमका अंदाज दुसऱ्या कशानं येत नाही.

सबटायटल्स चित्रपटाच्या आयुष्यात दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर जन्माला येतात. पहिला टप्पा प्रदर्शनाच्या आधीचा. चित्रपट महोत्सवाला पाठवायचा असेल, तर निवड समितीतल्या कुणालाही ती भाषा येत नाही असंच धरून चालावं लागतं. आपल्याकडेही राष्ट्रीय पुरस्कारांसाठी आणि गोव्यातल्या इफ्फीच्या इंडियन पॅनोरमासाठी प्रवेशिका पाठवायची तर इंग्रजी सबटायटल्स लागतात. अशा वेळी चित्रपटाचं सगळं भवितव्य त्या खालच्या ओळींवर अवलंबून असतं आणि दिग्दर्शकाला ते माहीत असतं. संकलन संपता संपता तो अनुवादकाशेजारी बसून एकेक ओळ घासूनपुसून घेतो, कुठला विनोद सोडून द्यायचा आणि कुठला काहीही करून पोचवायचा हे ठरवतो. दुसरा टप्पा विक्रीनंतरचा. चित्रपट गावोगावी लागून गेलेला असतो, मग त्याचे हक्क एखाद्या ओटीटी मंचाला जातात आणि त्यांच्या अटींत इंग्रजी सबटायटल्सही येतात. हे काम पुष्कळदा बाहेरच्या कंपनीकडे, अनेक चित्रपटांच्या गठ्ठ्यात, मिनिटांच्या दरानं जातं. अनुवादकाच्या हाती संवादांची यादी आणि मुदत पडते. शंका विचारायची तर दिग्दर्शक समोर नसतो. इथंही मन लावून काम करणारे अनुवादक असतात, पण त्यांच्या सोयीची अशी एकही गोष्ट या व्यवस्थेत नसते.

पहिल्या टप्प्यातल्या कामाचं उदाहरण म्हणून चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ जवळून पाहण्यासारखा आहे. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ओरिझोंती विभागातला सर्वोत्तम चित्रपटाचा आणि पदार्पणाचा असे दोन्ही पुरस्कार मिळाले. राष्ट्रीय पुरस्कार त्यानंतरचा. म्हणजे मराठी प्रेक्षकाच्याही आधी तो सबटायटल्स वाचणाऱ्या प्रेक्षकानं पाहिला. नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला आहे तो त्याच्या गाण्यामुळे. ते ऐकून एका गटार सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. इथं गाण्यातले शब्द हाच पुरावा आहे. गाण्याची सबटायटल्स नसतील तर खटलाच कळणार नाही, मग चित्रपट काय कळणार! आता भाषांकडे पाहा. सरकारी वकील मराठीत बोलते आणि कायद्याची कलमं इंग्रजीत वाचते. बचावाचा वकील व्होरा हिंदी-इंग्रजीत युक्तिवाद करतो आणि आईवडिलांशी गुजरातीत बोलतो. साक्षीदार आपल्या भाषेत सांगतो आणि न्यायाधीश त्याचा गोषवारा इंग्रजीत लिहून घ्यायला सांगतात. मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयातली ही भाषांची उतरंड चित्रपटाच्या आशयाचाच भाग आहे, पण खाली सगळं एकाच रंगाच्या, एकाच इंग्रजीत येतं. तरीही परदेशी परीक्षकांपर्यंत चित्रपट पोचला, कारण कुठं काय निसटणार आहे याची कल्पना असलेल्या दिग्दर्शकानं कॅमेरा लांब आणि स्थिर ठेवून डोळ्यांना वाचायलाही वेळ दिला आणि बघायलाही. सगळ्याच चित्रपटांना हे साधत नाही, आणि साधावं अशी अपेक्षाही करू नये.

किती गळती रास्त आणि किती बेपर्वाईची, हे कळण्यासाठी सबटायटलला मिळणारी जागा माहीत हवी. नेटफ्लिक्सनं अनुवादकांसाठी जाहीर केलेल्या नियमांत एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत मोकळ्या जागा धरून ४२ अक्षरं आणि प्रौढांच्या इंग्रजी सबटायटल्ससाठी सेकंदाला २० अक्षरांपर्यंतचा वेग अशी मर्यादा आहे. इतर मंचांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात. समजा, पडद्यावरची बाई चार सेकंदांत म्हणते, ‘अहो, तुमच्या मावशींच्या धाकट्या जावेचा फोन आला होता, उद्या सत्यनारायणाला नक्की या म्हणाल्यात.’ अनुवादकाकडे आहेत ८० अक्षरं, म्हणजे इंग्रजीचे तेरा-चौदा शब्द. ‘अहो’ जाणार, ‘धाकट्या’ जाणार, सत्यनारायणाची नुसती पूजा होणार. मावशीच्या जावेनं उद्या पूजेला बोलावलंय, एवढं उरलं तरी काम चोख झालं म्हणायचं. पण मावशीची आत्या झाली किंवा बोलावणं आलंय हेच गळालं आणि पुढच्या प्रसंगात नवराबायको पूजेला का निघाले हे कळेनासं झालं, तर ते काम वाईट. तेव्हा सबटायटल्समध्ये शब्द कमी आहेत म्हणून नाक मुरडू नये. पुढचा प्रसंग समजायला लागणारी गोष्ट शाबूत आहे का, हे पाहावं.

आता शोधाकडे वळू. कन्नड येत नाही आणि एखादा चांगला कन्नड चित्रपट पाहायचा आहे, असं धरू. याद्यांमध्ये राम रेड्डी यांचा ‘तिथी’ दिसतो. मंड्या भागातल्या खेड्यातली गोष्ट, बहुतेक सगळे गावातलेच बिगरव्यावसायिक नट, एकशे एक वर्षांचा म्हातारा मरतो आणि अकराव्या दिवसापर्यंत त्याच्या तीन पिढ्यांचं काय काय होतं, त्याची कहाणी. बोली गावरान आणि विनोद बोलण्याच्या ढंगात. एरवी अशा चित्रपटाच्या सबटायटल्सबद्दल धास्तीच वाटली असती. पण तो २०१५ साली स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथं त्याला पुरस्कार मिळाले, ही एक ओळ वाचली की प्रदर्शनाआधीच त्याची इंग्रजी सबटायटल्स झाली होती आणि ती परक्या प्रेक्षकांच्या कसोटीला उतरली होती, हे कळतं. प्रत्येक भाषेत असा माग काढता येतो. तमिळमध्ये पी. एस. विनोदराज यांच्या ‘कूळांगल’ला २०२१ साली रॉटरडॅमचा टायगर पुरस्कार मिळाला. आसामीत रीमा दास यांचा ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ आहे. कोंकणीत लक्ष्मीकांत शेटगावकरांचा ‘पलतडचो मनीस’ २००९ साली टोरांटोला गौरवला गेला; तो समजायला मराठी माणसाला निम्मी मदत कानाचीच होते. मराठीत अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ बर्लिनहून आला आणि रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ २०२५ साली सनडान्सचा मोठा पुरस्कार घेऊन आला.

असे चित्रपट शोधताना एक गोष्ट आडवी येते. यातल्या बहुतेकांना दोन नावं असतात आणि ओटीटीवर कुठलं लावलेलं असेल ते सांगता येत नाही. ‘कूळांगल’ हा Pebbles असतो, ‘साबर बोंडं’ Cactus Pears असतो, ‘पलतडचो मनीस’ The Man Beyond the Bridge या नावानं परदेशात ओळखला जातो. मल्याळम आणि तमिळ नावांचं रोमन स्पेलिंग तर ज्याच्या त्याच्या मर्जीवर चालतं. म्हणून एका नावानं सापडला नाही तर दुसऱ्यानं आणि तरीही नाही सापडला तर दिग्दर्शकाच्या नावानं शोधावा. कुठला चित्रपट कोणत्या देशात कुठल्या मंचावर आहे हे JustWatch वर देशानुसार दिसतं आणि हा देश महत्त्वाचा. हक्क देशागणिक विकले जात असल्यामुळे न्यू जर्सीतल्या मुलानं पाहिलेली, नीट सबटायटल्स असलेली प्रत पुण्यात मिळेलच असं नाही; क्रायटेरियनची ओटीटी सेवा तर अमेरिका आणि कॅनडाबाहेर चालतच नाही. नेटफ्लिक्स संगणकावर उघडलं तर Browse by Languages या पानावर मूळ भाषा आणि सबटायटलची भाषा निवडून यादी पाहता येते. फोनवर किंवा टीव्हीवर सुचवण्यांच्या गर्दीत कधीच न दिसणारे चित्रपट तिथं सापडतात. यूट्यूबवर शोधाच्या फिल्टरमध्ये Subtitles/CC हा पर्याय आहे, पण तिथं एक पाऊल पुढं जावं. चित्रपट लावून दातेरी चाकाच्या खुणेत सबटायटल्सची यादी उघडावी. तिथं नुसतं English असेल तर ती फाइल कुणीतरी जोडलेली आहे. फक्त Malayalam (auto-generated) असेल आणि इंग्रजी Auto-translate मधून काढावं लागत असेल, तर त्या चित्रपटाला सबटायटल्स नाहीत असंच समजावं. ऐकण्यातली चूक आणि अनुवादातली चूक एकमेकींवर चढतात आणि प्रकाश नावाचा नायक खालच्या ओळीत उजेड होऊन वावरतो.

चित्रपट सापडला, लावला, की पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागतो. सुरुवातीलाच आवाजाची भाषा तपासावी. ओटीटी मंच आपण मागच्या वेळी निवडलेली भाषा लक्षात ठेवतात. त्यामुळे कुणी आधी हिंदी डब लावून काही पाहिलं असेल, तर मल्याळम चित्रपटही हिंदीत सुरू होतो. सबटायटल्स मूळ संवादांवरून केलेली असतात आणि डबिंग ओठांच्या हालचालींना जुळवून घेतलेलं असतं, त्यामुळे ऐकू येणारं आणि दिसणारं जुळत नाही. सबटायटल्स चुकीची आहेत अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ कधीकधी एवढंच असतं. त्यानंतर पहिल्या गाण्याकडे पाहावं. गाण्याचा अनुवाद केलेला असेल, तर कुणीतरी हा चित्रपट अथपासून इतिपर्यंत समजून काम केलंय असं धरायला हरकत नाही. भारतीय चित्रपटात गाणं सोडून देणं ही सगळ्यात सोपी पळवाट असते. त्याखालोखाल पडद्यावरचा मजकूर. दुकानाची पाटी, पत्र, फोनवरचा निरोप, देवळाबाहेरचा फलक यांवर कथा फिरते आणि संवादांची नुसती यादी हाती असलेल्या अनुवादकाला हे दिसलेलंच नसतं. बंगाली चित्रपटासाठी एक खास खूण आहे. बंगालीत तो आणि ती यांना एकच सर्वनाम आहे आणि क्रियापदावरूनही लिंग कळत नाही. इंग्रजीत मात्र ते ठरवावंच लागतं. तेव्हा बाईबद्दल चाललेल्या बोलण्यात he आलं, तर अनुवाद करणाऱ्यानं कागद वाचला होता, चित्र पाहिलं नव्हतं, असं खुशाल समजावं. ही चूक एकदा झाली तर नजरचूक, तीनदा झाली तर चित्रपट बंद करून दुसरी प्रत शोधावी.

मराठी प्रेक्षकाकडे आणखी एक साधन आहे आणि ते फारसं कुणी वापरत नाही. मल्याळम चित्रपटाची सबटायटल्स बरोबर आहेत की नाहीत हे आपल्याला थेट तपासता येत नाही, पण मराठीची येतात. एखाद्या मंचावर तीन-चार मराठी चित्रपट इंग्रजी सबटायटल्स लावून दहा-दहा मिनिटं पाहिले, तर तो मंच हे काम किती गांभीर्यानं करवून घेतो याचा अंदाज येतो. गाणी करतात का, म्हणी सरळ गाळतात की काही पर्याय देतात, ‘बाई’ म्हणजे शिक्षिका हे त्यांना कळतं का, शिव्यांच्या जागी चांदण्या छापतात का, हे सगळं आपल्या भाषेत चटकन दिसतं. प्रत्येक चित्रपटाचा अनुवादक वेगळा असतो, मग एकावरून दुसऱ्याची परीक्षा कशी करायची, असं कुणी विचारेल. मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच एका चित्रपटावरून मत बनवू नये. महोत्सवातून आलेला चित्रपटही या चाचणीत धरू नये, कारण त्याची सबटायटल्स मंचानं केलेली नसून निर्मात्यानं दिलेली असण्याचीच शक्यता जास्त. पण मधल्या फळीतले, व्यावसायिक, गेल्या पाच-सहा वर्षांतले चित्रपट घेतले तर मंचाची सवय दिसते. तपासणी होते की नाही ही सवय भाषेगणिक फारशी बदलत नाही.

या सगळ्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की महोत्सवाचा माग काढत गेलं तर हाती फक्त संथ, गंभीर चित्रपट लागतात. लोकांनी डोक्यावर घेतलेले विनोदी चित्रपट, थरारपट, कौटुंबिक कथा यांचं काय? आक्षेप रास्त आहे, पण निकष महोत्सवाचा नाही. परक्या प्रेक्षकाची गरज कुणाला आणि केव्हा वाटली, याचा आहे. ही गरज व्यावसायिक चित्रपटालाही वाटू शकते. मल्याळममध्ये ती वाटली. केरळच्या बाहेर आणि आखाती देशांबाहेर प्रेक्षक आहे हे गेल्या दशकभरात तिथल्या निर्मात्यांच्या लक्षात आलं आणि पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्येही मल्याळम चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह लागू लागले. ‘कुंबळंगी नाइट्स’ किंवा ‘महेशिंटे प्रतिकारम’ हे काही महोत्सवी चित्रपट नव्हेत, पण मल्याळमचा गंध नसलेल्या प्रेक्षकांत ते लोकप्रिय झाले. तमिळमध्ये रेख्स या नावानं काम करणाऱ्या सबटायटलकार मोठमोठ्या व्यावसायिक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत दिसतात. इथं शोधायची खूण हीच: श्रेयनामावलीत सबटायटल्ससमोर माणसाचं नाव आहे का? नाव आहे म्हणजे काम निर्मात्यानं स्वतः करवून घेतलंय आणि कुणीतरी त्याची जबाबदारी घेतलीय. एखाद्या नावाचं काम आवडलं तर त्याच नावाचे बाकीचे चित्रपट शोधावेत, जसे आपण अनुवादकाचं नाव पाहून पुस्तक घेतो. मराठी व्यावसायिक चित्रपट मात्र यात अजून मागे आहे, हे मान्य करायला हवं. आणि ‘अशी ही बनवाबनवी’सारखा चित्रपट, जिथं हशा शब्दाच्या फिरकीवर आणि उच्चाराच्या लकबीवर येतो, तो अमराठी पाहुण्याला पहिला म्हणून दाखवू नये. चांगल्यात चांगल्या सबटायटल्सनीही तो अर्धाच पोचेल आणि पाहुणा हसण्याचं नाटक करत बसेल.

जुन्या चित्रपटांत हा माग मध्येच तुटतो. जब्बार पटेलांचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या स्पर्धेत होता. परदेशी गेलेल्या चित्रपटाची सबटायटल्स असलेली प्रिंट असणं साहजिक. पण फिल्मच्या काळात सबटायटल्स ही वेगळी फाइल नव्हती, ती त्या एका प्रिंटवरच कोरलेली असत. महाराष्ट्रात फिरलेल्या प्रिंट वेगळ्या, बिनसबटायटलच्या. व्हिडिओ कंपन्यांनी पुढं कॅसेटसाठी आणि नंतर इंटरनेटसाठी जी प्रत वापरली ती बहुधा या दुसऱ्या कुळातली. म्हणजे चित्रपटाला बर्लिनचा इतिहास आहे आणि आपल्यासमोरच्या प्रतीला तो नाही. जिथं कोरलेली सबटायटल्स मिळतात तिथंही पांढरी अक्षरं नायकाच्या पांढऱ्या धोतरावर आली की दिसेनाशी होतात. एकेकाळी दूरदर्शनवर रविवारी दुपारी लागत असलेल्या प्रादेशिक चित्रपटांच्या प्रेक्षकांना हे नवीन नाही. यावर खात्रीचा मार्ग एकच आहे: पुनरुज्जीवित प्रत. मूळ निगेटिव्हवरून किंवा उरलेल्या चांगल्या प्रिंटवरून चित्रपट दुरुस्त केला जातो, तेव्हा सबटायटल्सही नव्यानं केली जातात, कारण पहिला खेळ पुन्हा परदेशी महोत्सवातच व्हायचा असतो. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं या मार्गानं अरविंदन यांचे ‘थंपू’ आणि ‘कुम्माट्टी’, मणिपुरी ‘इशानौ’, ओडिया ‘माया मिरिगा’ आणि गिरीश कासरवल्लींचा ‘घटश्राद्ध’ पुन्हा उभे केले. यातल्या काहींसाठी परदेशी संस्थांची साथ होती. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळली होती. २०१५ साली आलेल्या तिच्या नव्या प्रतीसमोर जुन्या कॅसेटवरची प्रत पाहण्यात अर्थ नाही. मराठीतले जुने अभिजात चित्रपट अशा अवस्थेत फार कमी मिळतात. ‘उंबरठा’ची मात्र एक सोय आहे: जब्बार पटेलांनी तो ‘सुबह’ या नावानं हिंदीतही केला होता, तेव्हा हिंदी जाणणाऱ्या पाहुण्याला सबटायटल्सची वाट पाहावी लागत नाही.

कधीकधी अनुवाद चांगला असतो, फक्त वेळ चुकलेली असते आणि प्रेक्षक सगळा दोष अनुवादावर ढकलतो. आपल्याकडे डीव्हीडीची किंवा विकत घेतलेली फाइल असेल तर यातल्या दोन चुका घरी दुरुस्त होतात, मात्र आधी कुठली चूक आहे ते ओळखावं लागतं. सबटायटलची वेगळी फाइल म्हणजे बहुधा साधा मजकूर असतो, प्रत्येक ओळीवर ती कधी दिसावी आणि कधी जावी याची वेळ लिहिलेली, अशी:

```
00:12:31,200 --> 00:12:33,900
```

चित्रपटाच्या सुरुवातीला अक्षरं दोन सेकंद उशिरा येतात आणि शेवटीही दोनच सेकंद उशिरा, तर सगळी फाइल एकसारखी सरकली आहे. विंडोज संगणकावरच्या VLC मध्ये G आणि H या कळांनी ती मागे-पुढे करता येते. सुरुवातीला सगळं जुळतं पण हळूहळू अंतर वाढत जातं, दहा मिनिटांनी वीस-पंचवीस सेकंद, तर दोष चित्रांच्या वेगात आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रं या वेगानं बनतो. युरोपीय आणि भारतीय टीव्हीच्या पद्धतीत तो २५ च्या वेगानं पळवला जाई, म्हणजे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपे. एका वेगाची फाइल दुसऱ्या वेगाच्या प्रतीला लावली की शेवटी चार मिनिटांचा फरक पडतो. इथं अक्षरं सरकवून उपयोग नाही. Subtitle Edit सारख्या मोफत प्रोग्रामात वेग बदलून फाइल पुन्हा साठवावी लागते. तिसरा प्रकार म्हणजे पाऊण तास सगळं ठीक, मग एका प्रसंगानंतर अचानक उडी. याचा अर्थ दोन प्रती वेगळ्या आहेत: बहुधा सबटायटल्स महोत्सवातल्या पूर्ण चित्रपटाची आणि आपल्याकडची प्रत सेन्सॉरची कात्री लागलेली. गेलेला प्रसंग परत आणता येत नाही, पण आपण काहीतरी गाळलेलं पाहत आहोत हे त्यातून कळतं, आणि तेही कामाचंच.

इंग्रजीच कशाला, मल्याळम चित्रपटाला मराठी सबटायटल्स का नाहीत, हा प्रश्न बाकी राहतो. नात्यांचे शब्द, मानाची वचनं, सणवार हे सगळं मल्याळममधून मराठीत इंग्रजीपेक्षा कितीतरी सहज येईल, यात शंका नाही. पण मराठी सबटायटल्स आज जवळजवळ मिळतच नाहीत, आणि करायची ठरलीच तरी इंग्रजी फाइलवरूनच केली जाण्याची शक्यता जास्त. तसं झालं तर इंग्रजीत हरवलेलं मराठीत परत येणार नाही. म्हणून तूर्तास इंग्रजी सबटायटल्स नीट निवडणं हाच व्यवहार्य मार्ग आहे. अमराठी घरच्यांसाठी पहिला मराठी चित्रपट निवडायचा असेल तर ताम्हाणेंचाच ‘द डिसायपल’ किंवा अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ घ्यावा: दोन्हींत बोलणं कमी आणि सावकाश आहे, वाचायला सवड मिळते, आणि दोन्हींची सबटायटल्स आधी परदेशी प्रेक्षकांसमोर जाऊन आलेली आहेत.

आणि एखाद्या मंचावर सबटायटल्स खराब आढळली, तर निमूटपणे दुसरं काही लावू नका. बहुतेक मंचांवर अडचण कळवण्याची सोय असते, तिथं सबटायटलचा पर्याय निवडून चित्रपटाचं नाव, मिनिट-सेकंद आणि नेमकी चूक लिहा. ‘सबटायटल्स वाईट आहेत’ एवढ्याच तक्रारीवर कुणी काही करू शकत नाही. ‘४१ मिनिटं १० सेकंदांपासून पुढचं गाणं अनुवादित नाही’ असं लिहिलं, तर ते काम कुणाच्या तरी टेबलावर येतं.